एका वाक्यावर दीड तास: वरिष्ठांच्या तुसड्या मेलला उत्तर देताना

मी पाठवलेल्या तक्रारींच्या मासिक अहवालावर आलेला सरांचा मेल जेमतेम चार वाक्यांचा होता. वर नमस्कार नाही, माझं नाव नाही.

"हे काय पाठवलं आहे? डॅशबोर्डवर 412 दिसतात, तुमच्याकडे 389. आज दुरुस्त करून पाठवा. एवढंही जमत नसेल तर सांगा, दुसऱ्या कुणाला देतो."

सीसीमध्ये टीममधले सहाजण. वेळ सकाळी 11:12. त्या शेवटच्या वाक्याचा मला अजूनही राग येतो, हे आधीच सांगते.

आकड्यांचा उलगडा पंधरा मिनिटांत झाला. फरक बरोबर 23 चा होता आणि त्या महिन्यात रद्द झालेल्या तक्रारीही तेवढ्याच होत्या. डॅशबोर्ड त्या मोजतो, मी अहवालात वगळते. त्याआधीचे तीन महिने तसंच चाललं होतं, फक्त तेव्हा पहिल्या पानावर तशी टीप असायची. या वेळी मी पानाची मांडणी बदलली आणि टीप गळली. म्हणजे सरांनी विचारणं बरोबरच होतं. ज्या शब्दांत आणि ज्यांच्यासमोर विचारलं, ते मात्र बरोबर नव्हतं. या दोन गोष्टी मनात वेगळ्या करायला मला फार वेळ लागला, आणि त्या वेगळ्या होईपर्यंत एकही धड वाक्य लिहिता आलं नाही.

पहिला मसुदा असा होता: "आपण म्हणता तसे आकडे चुकलेले नाहीत. रद्द तक्रारी आपल्याच सूचनेनुसार वगळल्या आहेत. कृपया नोंद घ्यावी."

यातला शब्दन् शब्द खरा होता. तरीही तो मेल गेला असता तर सरांच्या वाक्यांपेक्षा कमी बोचला नसता. मी त्यांना एरवी 'तुम्ही' लिहिते. भांडणाच्या वेळी अचानक 'आपण' आलं की त्यात मान उरत नाही, हात झटकल्यासारखं होतं. 'आपल्याच' मधला 'च' म्हणजे तर बोट दाखवणंच. आणि 'कृपया नोंद घ्यावी' ही नोटिशीची भाषा आहे, रोज समोर बसणाऱ्या माणसाशी तसं कुणी बोलत नाही. तेव्हापासून मी असा कुठलाही मेल पाठवण्याआधी त्यातले 'च' शोधते. 'आधीच कळवलं होतं', 'तुम्हीच म्हणाला होतात', 'फाइलमध्ये दिलेलंच आहे'. हे 'च' काढले तरी माहिती तेवढीच राहते, फक्त वाद गळून पडतो.

तो पुसला आणि दुसऱ्या टोकाला गेले. "माफ करा सर, माझ्या हातून मोठी चूक झाली. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल दिलगीर आहे. पुन्हा असं होणार नाही." हे वाचताना मला स्वतःचीच चीड आली. नमतं घेतलं म्हणून नव्हे, तर ते खोटं होतं म्हणून. आकडे चुकलेले नव्हते. सीसीतल्या सहाजणांनी हे वाचलं असतं तर या महिन्याचा 389 तर बाद झालाच असता, शिवाय मागच्या तीन महिन्यांच्या अहवालांवरही शंका आली असती. भांडण मिटवायला मागितलेली अशी ढोबळ माफी पुढे पुरावा म्हणून उभी राहते. चूक होती ती टीप राहिल्याची, आणि तेवढीच कबूल करायची होती.

पण खरं घोडं अडलं ते चौथ्या वाक्यापाशी. जमत नसेल तर सांगा, दुसऱ्या कुणाला देतो. तिसऱ्या मसुद्यात मी लिहिलं, "दोन वर्षं हा अहवाल मी करते आहे, काम मला जमतं." वाक्य सभ्य होतं. तरी ते लिहिताक्षणी मेलचा विषय बदलला. 23 तक्रारी बाजूला पडल्या आणि माझी लायकी चर्चेला आली, तीही मीच आणलेली. पुढचा मेल आला असता तो 'मग टीप कशी राहिली?' असाच आला असता. म्हणून वाक्य काढलं. काढलं की वाटायचं, सहाजणांसमोर अपमान मुकाट गिळला. पुन्हा घातलं. चौथ्या मसुद्यात तेच वाक्य जरा मवाळ करून शेवटी ठेवलं, पाचव्यात ते पुन्हा वर नेलं. असा तासभर गेला.

सुटका झाली ती एका साध्या कृतीने. सरांचा मेल कोऱ्या पानावर उतरवला, एका ओळीत एक वाक्य, आणि प्रत्येकासमोर लिहिलं की हे नेमकं काय मागतंय. पहिलं वाक्य, "हे काय पाठवलं आहे?" काहीच मागत नाही. दुसरं फरकाचं कारण मागतं. तिसरं वेळ मागतं. चौथ्यापुढे आधी मी 'टोमणा' लिहिलं, मग ते खोडून लिहिलं, 'काम कुणाकडे असावं हा प्रश्न.' हे लिहिल्यावर लख्ख दिसलं की हा प्रश्न सर आणि मी यांच्यातला आहे, त्याचं उत्तर सहाजणांच्या धाग्यात द्यायचं कारणच नाही. ते द्यायचं आहे, पण दोघांत आणि प्रत्यक्ष. म्हणजे मी ते गिळत नव्हते, योग्य जागी नेत होते. एवढं ठरल्यावर मेल दहा मिनिटांत झाला:

"नमस्कार सर,
412 आणि 389 यांतला फरक 23 रद्द झालेल्या तक्रारींचा आहे. डॅशबोर्ड त्या मोजतो, अहवालात गेल्या तीन महिन्यांप्रमाणे त्या वगळल्या आहेत. पहिल्या पानावर तशी टीप द्यायची या वेळी माझ्याकडून राहिली.
टीप घालून आणि दोन्ही आकडे शेजारी दाखवून सुधारित फाइल आज 4:30 पर्यंत पाठवते. रद्द तक्रारी यापुढे धरायच्या असतील तर 3 पर्यंत कळवा, त्याप्रमाणे बदल करते."

खाली माझं नाव. बस.

नमस्कार ठेवला कारण मी तो नेहमी लिहिते. त्यांनी गाळला म्हणून मीही गाळला असता तर ते लगेच ध्यानात आलं असतं. पहिलं वाक्य आकड्यावर आहे, माझ्यावर किंवा त्यांच्यावर नाही. कबुली एकदाच, नेमक्या गोष्टीची, आणि तिच्यामागे 'पण' नाही. 'माझ्याकडून राहिली पण' असं लिहिलं की कबुली तिथेच रद्द होते. 'कळवावे ही नम्र विनंती' ऐवजी साधं 'कळवा' लिहिलं. वरिष्ठांना वेळ घालून देणं उद्धटपणाचं वाटेल अशी धास्ती होती, म्हणून माझी 4:30 ची वेळ आधी आली आणि त्यांची 3 ची नंतर, म्हणजे दुसरी पहिलीमुळे आहे हे दिसतं. 'आज' ला 'आज' असं उत्तर दिलं असतं तर दुपारी आणखी एक चौकशी आली असती.

उत्तर सगळ्यांना पाठवलं. आकड्यावर शंका सहाजणांसमोर घेतली गेली होती, तिचं निरसनही तिथेच व्हायला हवं होतं. फक्त सरांना कळवलं असतं तर बाकीच्यांच्या लेखी 389 चुकीचाच राहिला असता.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. असं उत्तर लिहायला बसताना To ची चौकट रिकामी करा, पत्ते शेवटी भरा. माझा पहिला मसुदा खरोखरच चुकून जाऊ शकला असता. जीमेलमध्ये Undo Send ची मुदत सेटिंगमधून 30 सेकंदांपर्यंत वाढवता येते, ती मी त्याच दिवशी वाढवली. आणि मन मोकळं करायला त्याच धाग्यात मैत्रिणीला फॉरवर्ड करू नका. मी करायला निघाले होते, तेवढ्यात दिसलं की फॉरवर्डऐवजी रिप्लाय ऑल उघडला आहे.

पाठवण्याआधी मेल मोठ्याने वाचला, आणि वैतागलेल्या माणसाच्या आवाजात वाचला, कारण समोर तसाच माणूस तो वाचणार होता. जस्टिन क्रुगर आणि निकोलस एप्ली यांनी सहकाऱ्यांसह 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांबद्दल मी नंतर वाचलं. आपला सूर ईमेलमधून पोचतो असं लिहिणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा तो बराच कमी पोचतो, कारण लिहिणाऱ्याला स्वतःचा आवाज मनात ऐकू येत असतो. माझ्या मनातला शांत आवाज सरांना ऐकू जाणार नव्हता, म्हणून शांतपणा शब्दांतच असायला हवा होता.

12:40 ला मेल गेला. वीस मिनिटांत उत्तर आलं: "ठीक. वगळा. फाइल पाठवा." धन्यवाद नाही, मागच्या वाक्याबद्दल अवाक्षर नाही. मी पुन्हा चिडले, पण या वेळी लिहायला काही नव्हतं. फाइल 4:10 ला पाठवली, सोबत एक ओळ: "टीप आणि दोन्ही आकडे पहिल्या पानावर आहेत."

चौथ्या वाक्याचं दुसऱ्या दिवशी पाहिलं. पाच मिनिटं मागितली आणि दार लावून बोलले. "सर, कामातली चूक सगळ्यांसमोर सांगितलीत तरी चालेल. पण काम माझ्याकडून काढायचं असेल, तर ते आधी मला एकटीला सांगा. कालच्या मेलमध्ये ते सगळ्यांनी वाचलं, मला ते लागलं." एवढंच, आणि मग थांबले. ते थांबणं लिहिण्यापेक्षा अवघड गेलं. ते म्हणाले, घाईत लिहिलं गेलं. माफी मागितली नाही. त्यांचे मेल आजही तोडके असतात, पण तसं वाक्य सीसीत पुन्हा आलेलं नाही. मी स्वतः जाऊन बोलले याचा मला अभिमान वाटतो.

हे सगळं कामावरून आलेल्या मेलसाठी. कुणी तुमच्या जातीवर, बाईपणावर, दिसण्यावर लिहिलं असेल तर वाक्यं सुटी करत बसू नका. मेल आहे तसा जपून ठेवा, त्या धाग्यात उत्तर देऊ नका आणि थेट तक्रार करा. उलट नुसतं "फाइल?" एवढंच आलं असेल तर फाइल पाठवून मोकळं व्हा. तोडकं लिहिणारा प्रत्येक माणूस अपमान करत नसतो, आणि सरांच्या त्या मेलमधली मधली दोन वाक्यंही नुसती तोडकीच होती.

रद्द तक्रारींची टीप आता आकड्याच्या खालीच असते, आकड्याएवढ्याच मोठ्या अक्षरात.