कानबाईचे साठ टी-शर्ट आणि गाळ्याचं भाडं

अमळनेरच्या गाळ्यातली स्क्रीन प्रिंटिंगची नोंदवही पुढे सरकवतोय. या खेपेला शाई-जाळीपेक्षा हिशेबाबद्दल जास्त लिहितो, कारण हातात आलेलं काम त्यासाठी अगदी नमुनेदार होतं.

आमच्या खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. मिरवणुकीत सगळ्या भाऊबंदकीने एकसारखे टी-शर्ट घालायचे, असं एका कुटुंबाने ठरवलं. साठ नग, मरून रंग, छातीवर पांढऱ्या-पिवळ्या दोन रंगांत कानबाईचं चित्र आणि आडनाव. गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, टी-शर्ट आम्हनाच शेतस, फक्त छापी द्या. कितला लेशात?"

"टी-शर्ट आम्हनाच शेतस" या वाक्यातच सगळी गोम आहे. आपल्याकडे बरेच जण मालाच्या किमतीवर ठरावीक टक्के, समजा चाळीस, भाडं-वीज अशा वरखर्चापोटी लावतात. गिऱ्हाईकाने कापड स्वतःचं आणलं की आपल्या कागदावर माल उरतो तो शाई, फिल्म आणि किरकोळ. त्याचे चाळीस टक्के म्हणजे चिल्लर. तेच टी-शर्ट मी १८० रुपयांनी आणून दिले असते, तर वरखर्चाचा आकडा एकदम साडेचार हजारांच्या वर गेला असता. आता मला सांगा, दोन्ही वेळा छापाईचं टेबल तेच, वीज तीच, लागणारा वेळही तोच. मग गाळ्याचं भाडं एका गिऱ्हाईकाकडून कितीतरी पट का घ्यायचं? म्हणून मी वरखर्च तासांवर लावतो. शिलाईवाल्यांना तर हे जास्तच लागू आहे, त्यांच्याकडे कापड बहुधा गिऱ्हाईकाचंच असतं.

तासाचा दर मी वर्षाच्या सुरुवातीला एकदाच काढतो. भाडं, वीज, टेबल-हीट प्रेस-एक्सपोजर पेटी यांचा घसारा, जाळी बदलणं, पुसायची फडकी, जळगावला शाई आणायला जायचा खर्च, सगळं मिळून वर्षाला ७२,००० धरलेत. नोकरी सांभाळून वर्षात प्रत्यक्ष कामाचे तास ७२० निघतात. म्हणजे तासाला १०० रुपये. गाळा उघडा असलेले तास धरू नका, एखाद्या ऑर्डरच्या नावावर लिहिता येतील तेवढेच धरा. चहा पीत बसलेल्या तासाचे पैसे कुठलंच गिऱ्हाईक देत नाही. दर महिन्याच्या महिन्याला काढण्यातही अर्थ नाही. मंदीच्या महिन्यात तास कमी, म्हणून दर जास्त, म्हणून भाव जास्त, म्हणून काम आणखी कमी, असं ते चक्र फिरतं.

आता हे काम. जॉब कार्डावर, म्हणजे त्या कामाच्या हिशेबाच्या कागदावर, आधी अंदाज लिहिला. डिझाइनचे रंग वेगळे करून प्रत्येकाची फिल्म, म्हणजे पॉझिटिव्ह, काढायला एक तास. जाळीच्या दोन फ्रेमना प्रकाशाने घट्ट होणारं इमल्शन लावणं, फिल्म ठेवून एक्सपोज करणं, धुणं यात हात गुंतलेला वेळ एक तास. फ्रेम सुकत असतानाचा वेळ धरत नाही, तेव्हा मी दुसरं काम उरकतो. टेबलावर दोन रंग जुळवायला अर्धा तास. छापाई नगाला चार मिनिटं, म्हणजे चार तास. शेवटी फ्रेम साफ करायला अर्धा आणि घडी घालायला अर्धा. एकूण साडेसात.

मजुरी तासाला १२० धरतो, आणि तीही लावतोच, हात माझेच असले तरी. छंद आहे म्हणून स्वतःची मजुरी शून्य धरणारे मित्र मला पटत नाहीत. उद्या मदतीला पोरगा ठेवला की त्यांचे सगळे भाव कोसळतात. तर मजुरी ९००, वरखर्च ७५०. फिल्म, इमल्शन, शाई, टेप, गोंद मिळून ५४०. शिवाय दोन टी-शर्ट खराब होतील असं धरून भरपाईचे ३६०. बेरीज २,५५०.

विक्रीच्या रकमेवर वीस टक्के नफा हवा असेल तर २,५५० ला ०.८ ने भागायचं, ३,१८७ येतात. नुसते वीस टक्के मिळवले तर ३,०६० होतात, आणि तो नफा विक्रीवर सतरा टक्क्यांच्याही आतच भरतो. नगाला ५३ सांगितले, एकूण ३,१८०.

घासाघीस झाली नाही, पण एका भावाने विचारलं, "अजून पंधरा टी-शर्टांचं वेगळं डिझाइन केलं तर तेही ५३ मध्येच ना?" त्यांना कार्ड दाखवलं. तयारी आणि सफाईचे तीन तास साठ नगांना लागतात तसेच पंधरालाही लागतात. मजुरी-वरखर्च धरून ते ६६० रुपये होतात. साठांत वाटले तर नगाला ११, पंधरांत ४४. फिल्म आणि इमल्शन पुन्हा वेगळं. कागद बघून पंधराचा विषय त्यांनीच सोडला.

प्रत्यक्षात काय झालं? टी-शर्ट सुती असल्याचं सांगितलं होतं. मी सवयीने एकावर छाप मारला, नेहमीच्या प्लास्टिसोल शाईला लागते तशी १६० अंशांच्या आसपास उष्णता दिली आणि रात्रभर ठेवला. सकाळी पांढऱ्याला गुलाबी झाक. म्हणजे कापडात पॉलिस्टर होतं. उष्णतेने त्याचा मरून रंग सुटून शाईत चढतो, आणि तो तासांनी, कधी दिवसांनीही दिसतो. प्रेसवरून काढल्यावर छाप दुधासारखा पांढरा दिसतो, म्हणून लगेच बघून भरवसा ठेवू नये. मग १३० अंशांच्या आसपास पिकणारी कमी उष्णतेची शाई आणली. छाप पिकला की नाही ते ताणून पाहिलं. तडा गेला तर कच्चा. एक-दोन नगांवर दाबाचा वेळ वाढवावा लागला, मग जमलं.

या भानगडीत दीड तास वाढला, शाईला १५० जास्त गेले. खराब मात्र तो एकच नग झाला. कार्डाच्या उजव्या बाजूला प्रत्यक्ष खर्च असा भरला: माल ८७०, नऊ तासांची मजुरी १,०८०, वरखर्च ९००, एकूण २,८५०. हातात उरले ३३०, म्हणजे दहा टक्क्यांच्या थोडं वर. जास्तीचे पैसे मागितले नाहीत, ५३ ठरले होते. कार्डाच्या तळाशी मात्र आता एक ओळ छापली आहे: "कापड गिऱ्हाईकाचे असल्यास चाचणी छाप आणि एक रात्र. पॉलिस्टर निघाल्यास दर वेगळा." चाचणीचा अर्धा तासही अंदाजात धरायला लागलोय.

महिनाअखेरीस वहीत आणखी एक फरक दिसला. सगळ्या कामांवर मिळून ५२ तास लिहिले गेले, म्हणजे ५,२०० वरखर्च वसूल. खरा खर्च ६,४०० झाला होता. हे १,२०० पुढच्या गिऱ्हाईकाच्या माथी मारायचे नाहीत, त्याने काय पाप केलं? ते त्या महिन्याच्या नफ्यातून वजा. वर्षअखेरीही अशीच तूट राहिली तर पुढच्या वर्षाचा दर १०० वरून वर जाईल.

सध्या एकच गोष्ट खटकतेय. संगणकावर डिझाइन करतानाच्या तासाला मी हीट प्रेसची वीज आणि घसाराही लावतो, आणि ती तर तेव्हा बंद असते. डिझाइनचा दर वेगळा आणि टेबलाचा वेगळा, असे दोन दर करून गणपतीच्या ऑर्डरी त्यावर टाकून बघणार आहे. कोणी असे दोन दर ठेवत असेल, तर घसाऱ्याची वाटणी कशी करता ते सांगा.