सव्वा वाटी गूळ, न चाखता

गूळ चवीनुसार घ्यावा, ही सूचना आमटीला चालते. नैवेद्याच्या मोदकांच्या बाबतीत ती पाळताच येत नाही, कारण देवाला दाखवण्याआधी सारण कोणी चाखायचे नसते. त्यामुळे भाचीने सांगलीच्या आमच्या स्वयंपाकघरात उकडीच्या मोदकांचे रील चित्रित केले आणि त्याखालचा मजकूर माझ्याकडे सोपवला, तेव्हा मी पहिली अट घातली ती प्रमाणांची. तिच्या मसुद्यात जिन्नसांची नावे होती आणि शेवटी ‘गोडी आवडीप्रमाणे’ असे लिहिलेले होते. रीलमध्ये नारळ खोवताना दिसतो, पाकळ्या पडताना दिसतात, झाकण काढल्यावर वाफही दिसते. दिसत नाही ते एवढेच की किती नारळाला किती गूळ पडला. ते मजकुरातच यायला हवे.

मी लिहिले ते असे : मध्यम आकाराच्या एकवीस मोदकांसाठी अडीच वाट्या खोवलेला ओला नारळ, सव्वा वाटी चिरलेला गूळ, दोन वाट्या तांदळाची पिठी आणि त्याच वाटीने दोन वाट्या पाणी. म्हणजे गूळ नारळाच्या निम्मा आणि पाणी पिठीइतके. वाटी कोणतीही चालेल, फक्त शेवटपर्यंत तीच असावी. लहान वाटी घेतली तर मोदक लहान होतील किंवा कमी होतील, पण बिघडणार नाहीत. ग्रॅममध्ये लिहावे का, असे भाचीने विचारले होते. ज्यांच्याकडे वजनकाटा आहे त्यांनी जरूर वापरावा. परंतु चतुर्थीच्या सकाळी बहुतेक घरांत हाताशी असते ती वाटीच. शिवाय सव्वा आणि अडीच अक्षरांत लिहिले की मोबाइलच्या बारीक पडद्यावर पाव कुठे आहे आणि अर्धा कुठे, हे शोधावे लागत नाही.

वाटीच्या मापात खरा घोटाळा होतो तो गुळाशी. बारीक चिरलेला गूळ वाटीत सैल भरला तर एक माप होते आणि अंगठ्याने दाबून भरला तर त्याच वाटीत बराच जास्त गूळ मावतो. खोवलेल्या नारळाचेही तसेच आहे. म्हणून मी ‘दोन्ही सैल भरून, वर सपाट करून’ एवढे शब्द वाढवले. ते लांबतात म्हणून काढून टाकावेत असे भाचीचे मत पडले. ते राहतील आणि हवी तर हृदयाची चिन्हे काढावीत, असे माझे.

आमच्या भागात अनेक घरांत पूर्वीपासून तळणीचेच मोदक होतात. त्यांत भाजलेले सुके खोबरे, खसखस आणि पिठीसाखर असते. ते सारण कोरडे असल्यामुळे प्रमाण थोडे चुकले तर मोदक फार तर अधिक गोड किंवा कमी गोड होतो. उकडीच्या सारणात गूळ गोडीबरोबर ओलावाही आणतो. कढईत नारळ आणि गूळ एकत्र मंद आचेवर ठेवले की प्रथम गूळ वितळून मिश्रण पातळ होते आणि नवख्या माणसाला वाटते की गूळ जास्त झाला. तेव्हा नारळ वाढवू नये, ढवळत राहावे. आठ-दहा मिनिटांत पाणी आटत जाऊन सारण कढईच्या कडा सोडू लागते. उलथन्याने ते एका बाजूला दाबून धरावे. खालून गुळाचा रस वाहत आला तर अजून थोडा वेळ हवा, वाहिला नाही आणि सारण ओलसर दिसत असेल तर आच लगेच बंद करावी. गार झाल्यावर ते आणखी आळते, म्हणून कढईतच कोरडे दिसेपर्यंत थांबले तर गुळाचा पाक होऊन सारण चिवट किंवा दाणेदार होते. उलट लवकर उतरवले तर रस उकडीत मुरतो, पारी तळाशी मऊ पडते आणि वाफवताना मोदक तिथूनच फुटतो. मोदकपात्रात तपकिरी ओघळ दिसला तर कारण बहुधा हेच असते. या सर्व खुणा डोळ्यांच्या आहेत. जिभेची गरज कुठेच पडत नाही, आणि म्हणूनच त्या मजकुरात घेतल्या. वेलची आणि जायफळ मात्र आच बंद केल्यावर घालावे, म्हणजे त्यांचा वास टिकतो.

गूळ कोणता, हाही प्रश्न येतोच. चिक्कीचा गूळ घेऊ नये. तो गार झाल्यावर कडक होतो आणि सारण दाताला चिकटते. एखादी ढेप खारट निघते, आणि ते कढईत पाहून कळत नाही. यावर तोडगा सोपा आहे : ढेप आणली की नैवेद्यासाठी लागणारा तुकडा वेगळा काढून ठेवावा आणि उरलेल्यातला खडा आदल्या दिवशीच चाखावा. देवासाठी काढलेला गूळ अस्पर्श राहतो आणि शंकाही फिटते.

पिठी आणि पाणी सारखे, हे माप जुन्या आंबेमोहोर तांदळाच्या पिठीला बरोबर लागते. नव्या किंवा इंद्रायणीसारख्या चिकट तांदळाला पाणी दोन-तीन चमचे कमी घ्यावे, नाहीतर उकड हाताला चिकटते आणि पारी पातळ करता येत नाही. पाण्याला चमचाभर तूप आणि चिमूटभर मीठ घालून खळखळ उकळी आली की पिठी एकदम घालावी, ढवळून दोन मिनिटे मंद आचेवर वाफ द्यावी आणि आच बंद करून दहा मिनिटे झाकून ठेवावी. मग गरम असतानाच, हात ओला करून आणि तुपाचे बोट लावून, मळावी. पारीच्या कडेला भेगा पडू लागल्या तर उकड कोरडी आहे. पाण्याचा हात लावून पुन्हा मळली की ती सुधारते. सारणाचे तसे नाही. पाक झालेले सारण पुन्हा मऊ करणे अवघड असते, म्हणून मजकुराची जास्त जागा मी सारणाला दिली.

मोदकपात्रात खाली हळदीचे पान घालावे, हे मी आग्रहाने लिहिले. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. भाद्रपदात शेतात हळदीची पाने हातभर झालेली असतात, आणि एखादे पान मागितले तर कोणी नाही म्हणत नाही. त्याचा वास पारीत उतरतो आणि मोदक तळाला चिकटत नाही. पान मिळाले नाही तर ओले सुती कापड पुरते. मोदक ठेवण्याआधी प्रत्येकाला वरून पाण्याचे बोट लावावे, म्हणजे पाकळ्या उकलत नाहीत. खालच्या पाण्याला उकळी आल्यानंतर दहा ते बारा मिनिटे वाफ पुरे. पारी चकचकीत दिसली आणि ओले बोट लावल्यावर चिकटली नाही की मोदक झाले.

भाचीने सगळे वाचून विचारले, “आत्या, इतके कोण वाचणार?” मी म्हटले, “ज्याला उद्या मोदक करायचे आहेत, तो.” तिने तडजोड केली : प्रमाणाचे वाक्य सर्वांत वर आले, कारण पुढचा मजकूर दाबल्याशिवाय दिसत नाही, आणि उलथन्याची खूण त्याच्या लगेच खाली. हळदीचे पान तिसऱ्या ओळीत गेले. ‘गोडी आवडीप्रमाणे’ हे शब्द तिने स्वतःच काढले.