होल्डचा खोका उद्याच्या यादीत

तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या एका गोदामातून सकाळीच फोन आला. तक्रार एका वाक्यात सांगून झाली : "मॅडम, लाल पट्टीचा खोका उद्याच्या यादीत छापून आलाय." लाल पट्टी म्हणजे होल्ड. कागदपत्रं अडकलेली असतात आणि मंजुरी येईपर्यंत माल जागचा हलवायचा नसतो. खोका गाडीत चढला नव्हता, कारण डॉकवरच्या सुपरवायझर काकांची नजर पट्टीवर गेली होती. पण यादीवर विश्वास ठेवून माल भरणारा कुणी नवखा तिथे असता, तर तो खोका निघून गेला असता.

आमचं ऑफिस महापेला. गोदामात वापरल्या जाणाऱ्या हँडहेल्ड स्कॅनरचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. खोका स्कॅन झाला की त्याची एक नोंद तयार होते. तीत खोक्याचा नंबर, पार्टी, वजन आणि एक कोड असतो : ० म्हणजे आज रवाना, १ म्हणजे उद्या, २ म्हणजे होल्ड. बॅच संपली की या नोंदी ०, १, २ अशा क्रमाने लावायच्या आणि तीन याद्या छापायच्या. यंत्र जुनं आहे आणि त्यात मेमरी बेताची, त्यामुळे दुसरा अ‍ॅरे न घेता जागच्या जागी, अ‍ॅरेवरून एकदाच जाऊन हे काम उरकलं जातं.

नुसते ०, १, २ आकडे असते तर प्रत्येकाची संख्या मोजून अ‍ॅरे पुन्हा भरता आला असता. इथे मात्र प्रत्येक आकड्यामागे एक खराखुरा खोका आहे, म्हणून नोंदच उचलून दुसरीकडे ठेवावी लागते. त्यासाठी जी पद्धत वापरतात ती डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९७६ सालच्या आपल्या पुस्तकात डच राष्ट्रध्वजाचं कोडं म्हणून मांडली होती. लाल, पांढरे आणि निळे खडे झेंड्यातल्या पट्ट्यांच्या क्रमाने लावायचे, आणि तेही अदलाबदल करून, असं ते कोडं.

तक्रार आमच्या टीममधल्या एका मुलाकडे गेली. त्याने त्या बॅचचा डंप काढला आणि म्हणाला, "अ‍ॅरे तर बरोबर लागलाय. छपाईत घोळ असेल." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. बॅच सहाच खोक्यांची होती. स्कॅनचा क्रम आणि लावल्यानंतरचा क्रम असा होता :

```
0 2 1 1 0 2
0 0 1 1 2 2
```

दुसऱ्या ओळीत खोट काढायला जागाच नाही. तरीही उद्याच्या यादीत दोनऐवजी तीन खोके छापले गेले होते आणि तिसरा लाल पट्टीचा होता. छपाईचा कोड मी उघडला. तो नोंदीतला कोड वाचतच नव्हता. वर्गीकरण संपल्यावर `low` आणि `high` हे अ‍ॅरेतली जागा दाखवणारे आकडे जिथे थांबतात त्याच सीमा मानून तो याद्या पाडत होता : `low`च्या आधीचे आज, `low` ते `high` उद्या, `high`च्या पुढचे होल्ड. तसं करणं योग्यच आहे. या पद्धतीतून सीमा आयत्या मिळतात, पुन्हा शोधाव्या लागत नाहीत. मात्र त्या बॅचमध्ये, जागा ० पासून मोजल्या तर, `high` ४ वर थांबला होता. तो ३ वर थांबायला हवा होता.

म्हणजे दोष वर्गीकरणातच होता. तो कोड फार पूर्वी कुणीतरी लिहिलेला, आणि त्याचा गाभा एवढाच :

```c
while (mid <= high) {
    if (a[mid].code == 0)
        swap(a, low++, mid++);
    else if (a[mid].code == 1)
        mid++;
    else
        swap(a, mid++, high--);   // दोष इथे
}
```

वरवर वाचलं तर हे देखणं दिसतं. शून्य सापडलं की `low` आणि `mid` सरकतात, दोन सापडला की `mid` आणि `high` सरकतात. दोन्ही बाजू सारख्या. या सारखेपणामुळेच तो इतकी वर्षं कुणाच्या नजरेत खुपला नसावा. पण दोन्ही बाजू मुळात सारख्या नाहीत.

मी त्या मुलाला शेजारी बसवलं आणि कागदावर सहा चौकोन काढले. कोड चालू असताना कोणत्याही क्षणी अ‍ॅरेचे चार भाग असायला हवेत. `low`च्या आधी सगळे ०. `low`पासून `mid`च्या अलीकडे सगळे १. `mid`पासून `high`पर्यंत अजून न पाहिलेले. `high`च्या पुढे सगळे २. प्रत्येक पावलानंतर ही मांडणी टिकली, तर शेवटी न पाहिलेला भाग संपतो आणि उरलेले तीन भाग म्हणजेच आपल्या तीन याद्या.

आता `mid`वर ० सापडला तर त्याची अदलाबदल `low`शी होते. `low`च्या जागी कोण असतं? एकतर आधीच पाहिलेला १, किंवा `low` आणि `mid` एकाच जागी असले तर तोच ०. दोन्ही बाबतीत `mid`वर येणारा खोका ओळखीचा असतो, म्हणून `mid` बेलाशक पुढे नेता येतो. याउलट २ सापडला की `high`च्या जागचा खोका `mid`वर येतो, आणि तो अजून कुणी पाहिलेलाच नसतो. तो ०, १, २ यांपैकी काहीही असू शकतो. तिथे `mid`ने थांबून त्याला पाहायला हवं. आमचा कोड त्याला न पाहताच पुढे जात होता.

सहा खोक्यांवर ते करून पाहिलं. जागा ० वर ० आहे, `low` आणि `mid` १ झाले. जागा १ वर २ आहे. त्याची अदलाबदल जागा ५ शी झाली, आणि तिथेही २ च होता. `high` ४ झाला आणि `mid` २ वर गेला. जागा १ वर नव्याने आलेला २ तसाच राहिला, १ च्या टापूत घुसलेला. पुढे दोन १ आले, `mid` ४ वर पोचला. तिथे ० होता. त्याची अदलाबदल `low`शी, म्हणजे जागा १ शी झाली, आणि तो घुसलेला २ उडून जागा ४ वर जाऊन बसला. योगायोगाने ती त्याची योग्य जागा निघाली! अ‍ॅरे नीट लागला, `high` मात्र ४ वरच राहिला, कारण दुसऱ्या २ साठी त्याला कुणी खाली आणलंच नव्हतं.

"म्हणजे अ‍ॅरे नशिबाने बरोबर आला," मुलगा म्हणाला.

मग मी त्याला फेऱ्यांचा मोजक घालायला सांगितला. ही खूण मला फार उपयोगाची वाटते. बरोबर लिहिलेल्या कोडमध्ये प्रत्येक फेरीला न पाहिलेला भाग नेमका एकाने कमी होतो : ० आणि १ ला `mid` वाढतो, २ ला `high` घटतो. म्हणून n खोक्यांना नेमक्या n फेऱ्या लागतात, कमीही नाहीत आणि जास्तही नाहीत. आमच्या यंत्राने सहा खोक्यांना पाच फेऱ्या दाखवल्या. एक खोका न बघता निसटला, याचा याहून थेट पुरावा कोणता? शेवटची ओळ `swap(a, mid, high--)` अशी केली आणि तीच बॅच पुन्हा चालवली. फेऱ्या सहा, `low` २, `high` ३.

इथेच थांबता आलं असतं, पण जुन्या चाचण्यांना हा दोष का सापडला नाही हे मला पाहायचं होतं. त्या चाचण्या अ‍ॅरे क्रमाने लागला का एवढंच तपासत होत्या. सदोष कोडवर दोन खोक्यांच्या सगळ्या नऊ रचना चालवल्या, तर नऊच्या नऊ क्रमाने लागतात. तीन खोक्यांच्या २७ रचना आहेत, त्यांतल्या फक्त दोन बिघडतात : `1 2 0` आणि `2 1 2`. हाताने चार नमुने लिहिणाऱ्याला नेमक्या याच दोन सुचायच्या कशा? पण सीमाही तपासल्या तर चित्र पालटतं. क्रमाने लागलेल्या २५ पैकी आठ रचनांत `low` किंवा `high` चुकीचा निघतो. `2 1 0` घ्या. पहिल्याच अदलाबदलीत अ‍ॅरे `0 1 2` होतो, पण पुढे आलेला ० कुणी मोजत नाही. `low` शून्यावरच राहतो आणि आज जायचा खोका उद्याच्या यादीत पडतो. होल्डचा खोका उद्याच्या यादीत येणं जेवढं वाईट, तेवढंच हेही. फक्त यावर लाल पट्टी नसते, म्हणून तक्रार येत नाही. पार्टीला माल एक दिवस उशिरा मिळतो आणि खापर गाडीवाल्यावर फुटतं.

सदोष कोड सुखरूप सुटतो तो दोन प्रसंगी. एक, `high`कडून आलेला खोका नेमका १ असेल, कारण त्याला मधेच राहायचं असतं. दुसरा, `mid` आणि `high` एकाच जागी असतील, कारण तेव्हा खोका स्वतःशीच बदलतो. बाकी सगळा नशिबाचा खेळ.

नवी चाचणी आम्ही निवडक नमुन्यांवर ठेवली नाही. रिकाम्या अ‍ॅरेपासून आठ खोक्यांपर्यंत ०, १, २ च्या जेवढ्या रचना होतात, त्या सगळ्या म्हणजे ९,८४१ रचना तिला दिल्या. प्रत्येकीत क्रम, दोन्ही सीमा आणि फेऱ्यांची संख्या तपासली, शिवाय आत गेलेले खोक्यांचे नंबर तेच बाहेर आले का हेही पाहिलं. संगणकाला एवढं काम किरकोळ आहे. दुरुस्त कोड सगळ्या रचनांत पास झाला. मुलाने मग मुद्दाम जुनी ओळ परत घातली, आणि चाचणी लगेच लाल झाली. तिथे त्याला `mid <= high` ऐवजी `mid < high` करूनही पाहायचं होतं. तेव्हा `1 0` एवढ्या छोट्या अ‍ॅरेतही शेवटचा खोका न पाहिलेला राहिला आणि अ‍ॅरे `1 0` असाच परत आला.

दुपारनंतर स्कॅनर घेऊन आम्ही तुर्भ्याला गेलो आणि काकांसमोर तीच बॅच छापली. उद्याचे दोन, होल्डचे दोन. त्यांनी यादी वाचली, मान डोलावली आणि विचारलं, "पण मॅडम, मी ज्या क्रमाने स्कॅन केले त्याच क्रमाने यादीत का येत नाहीत? रॅकवर शोधत फिरावं लागतं."

प्रश्न रास्त होता, आणि तो दोष नसून या पद्धतीची मर्यादा आहे. २ सापडला की तो टोकाला फेकला जातो आणि टोकाचा खोका अलीकडे येतो, त्यामुळे एकाच गटातल्या खोक्यांचा मूळ क्रम टिकत नाही. कागद समोर होताच, त्यावरच दाखवलं : नव्या कोडमध्ये होल्डच्या दोन खोक्यांपैकी आधी स्कॅन झालेला शेवटच्या जागी जातो आणि नंतरचा त्याच्या अलीकडे येतो. काका म्हणाले, "मग माझा नंबर ठेवा ना त्यावर." नोंदीत स्कॅनचा अनुक्रमांक आधीपासून होताच, वापरला मात्र जात नव्हता. आता तीन गट पडल्यावर प्रत्येक यादी छापण्याआधी त्या अनुक्रमांकाने लावली जाते. त्यालाही वेगळी मेमरी लागत नाही, आणि एका बॅचमधले खोके मोजकेच असल्यामुळे वेळेचा फरक काकांना जाणवत नाही.