तेवीस तारखेचं अठ्ठावीस टक्के

सप्टेंबर 2025 चं विक्री पत्रक करताना आमच्या ऑफिसात सगळ्यांचाच घाम निघाला. 22 तारखेपासून जीएसटीचे दर बदलले, म्हणजे एकाच महिन्यात एकाच मालाला दोन दर. किराणावाल्यांनी संगणकावर बिलं केलेली होती, त्यांचं फारसं अडलं नाही. अडलं ते हातानं बिल लिहिणाऱ्या आणि महिन्याअखेर बिलबुकाचे फोटो पाठवणाऱ्या मंडळींचं. त्यातले एक आमचे सिमेंट-लोखंडवाले शेठ.

शेठचे फोटो नेहमीप्रमाणे व्हॉट्सअ‍ॅपवर आले. पुढचे मागे, मागचे पुढे, काही पानं दोनदा, आणि बऱ्याच फोटोंत कार्बन कॉपीचा फिकट निळा अक्षरगोंधळ. मी आधी आकडे भरायला बसत नाही. सगळे फोटो एका फोल्डरमध्ये उतरवते आणि प्रत्येकाचं नाव बिल नंबरावरून ठेवते. हे काम कंटाळवाणं आहे, पण दोनदा आलेलं पान त्याच वेळी सापडतं, कारण त्या नावाची फाईल आधीच असते, आणि मधला नंबर गाळला असेल तर तोही दिसतो. या वेळी एक नंबर नव्हता. शेठ म्हणाले, "ते चुकलं होतं, फाडून टाकलं." मी म्हटलं, "शेठ, फाडायचं नाही. 'रद्द' लिहून तीनही प्रती बुकातच ठेवायच्या." जीएसटीआर-1 या विक्री पत्रकात कुठल्या नंबरापासून कुठल्या नंबरापर्यंत बिलं दिली आणि त्यातली किती रद्द झाली हेही सांगावं लागतं. तिथं फाटलेल्या पानाचा हिशोब कुठून आणायचा?

माझं विक्री रजिस्टर साधंच आहे. A मध्ये बिल नंबर, B मध्ये तारीख, C नाव, D जीएसटी नंबर, E पुरवठ्याचं राज्य, F मालाचा एचएसएन कोड, G दर, H करपात्र रक्कम, I आणि J मध्ये सीजीएसटी आणि एसजीएसटी, K मध्ये एकूण. एका बिलात दोन दरांचा माल असेल तर त्याच्या दोन ओळी करायच्या, बिल नंबर दोन्हीकडे तोच. पंधरा तारखेचं एक बिल होतं: सिमेंट 20 गोणी, मूळ भाव 300, म्हणजे 6,000 रुपये आणि त्यावर 28 टक्के, 1,680. खाली सळई 20,000 रुपयांची, त्यावर 18 टक्के, 3,600. बिलाची बेरीज 31,280. हे एका ओळीत भरलं तर एकूण रक्कम जुळते, पण दरवार बेरीज कायमची बिघडते.

हातबिलांतली खरी गोम इथंच आहे. बिलाची बेरीज जुळली म्हणजे दर बरोबर आहे असं होत नाही. काउंटरवरच्या बिलात शेठ फक्त गोणीचा करासहित भाव लिहितात आणि खाली 'जीएसटीसह'. (कर वेगळा दाखवायला हवा हे त्यांना सांगून झालंय. ते मान हलवतात.) अशा एका बिलावर 10 गोणी, 3,540 रुपये होते, आणि तारखेचा पहिला आकडा फोटोच्या कडेला कापला गेलेला. 12 की 22? बारा धरली तर सिमेंटला जुना दर, 28 टक्के, म्हणजे 3,540 भागिले 1.28, करपात्र 2,765.63 आणि कर साधारण 774 रुपये. बावीस धरली तर नवा दर, 18 टक्के, म्हणजे भागिले 1.18, करपात्र बरोबर 3,000 आणि कर 540. दोन्हीकडे एकूण 3,540च. बेरीज पाहून ही चूक कुणालाही पकडता येणार नाही.

पकडायला दोन गोष्टी कामी आल्या. या बिलाच्या आधीचं आणि नंतरचं, दोन्ही बिलं बावीस तारखेची होती, आणि बुक एकच चालतं, त्यामुळे मधलं बिल दहा दिवस मागे जाऊ शकत नाही. दुसरी खूण भावाची. मूळ 300 वर 28 टक्के चढले की गोणी 384 ला जाते, 18 टक्के चढले की 354 ला. बिलावर 354 होतं. शेठनी घटस्थापनेच्या दिवशीच नवा भाव लावला होता, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. गिऱ्हाईकही त्याच दिवशी तुटून पडलं होतं. दर उतरणार हे तीन तारखेलाच जाहीर झालं होतं, त्यात पितृपक्ष, त्यामुळे मधले दोन आठवडे बिलबुक जवळजवळ झोपलेलं आणि बावीसला एकदम पानंच्या पानं.

सगळं भरून झालं, बिलागणिक बेरजा फोटोशी जुळल्या. मग दरवार बेरजा काढल्या. त्यासाठी मी हे वापरते:

```
=SUMIFS(H:H,G:G,18)
=SUMIFS(I:I,G:G,18)
```

पहिल्या आकड्याचे 9 टक्के काढले की दुसरा आकडा यायला हवा, थोड्या पैशांच्या फरकानं. एसजीएसटीलाही तेच. 28 च्या ओळींत 9 ऐवजी 14. इथंपर्यंत सगळं छान होतं. पण या महिन्यात ही तपासणी पुरी पडणार नाही हे मला माहीत होतं, कारण चुकीच्या दराखाली नीट आकारलेला करही या चाळणीतून सहज निघून जातो. म्हणून आणखी दोन प्रश्न विचारले. 28 टक्क्यांखालची शेवटची तारीख कोणती? आणि 18 टक्क्यांखाली सिमेंटची, म्हणजे 2523 ची, पहिली तारीख कोणती?

```
=MAXIFS(B:B,G:G,28)
=MINIFS(B:B,F:F,"2523",G:G,18)
```

दुसऱ्याचं उत्तर 22/09 आलं, हवं तसं. पहिल्याचं 21/09 किंवा त्याआधीचं यायला हवं होतं. आलं 23/09.

एकच ओळ होती. 100 गोणी, करपात्र 30,000, सीजीएसटी 4,200, एसजीएसटी 4,200, एकूण 38,400. घेणारा नोंदणी असलेला ठेकेदार, त्याचा जीएसटी नंबर बिलावर. फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. तारीख स्वच्छ 23/9, नंबरही क्रमात, कर स्वतंत्र लिहिलेला. माझ्या वाचण्यात गफलत नव्हती. बिलच तसं होतं.

शेठना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, माल शनिवारी, वीस तारखेला गेला. माल नेल्याचं चलन आहे माझ्याकडे. तेव्हा 28च होतं ना? बिल करायला मंगळवार उजाडला, पण माल जुन्या दरातला, म्हणून जुना दर लावला."

ऐकायला हे अगदी रास्त वाटतं. पण कायदा फक्त माल कधी गेला एवढंच पाहत नाही. दर बदलण्याच्या काळासाठी सीजीएसटी कायद्यात कलम 14 आहे, त्यात तीन तारखा पाहतात: माल कधी दिला, बिल कधी केलं आणि पैसे कधी मिळाले. माल बदलाआधी गेला, पण बिल आणि पैसे दोन्ही बदलानंतरचे, तर नवा दर. तिन्हींपैकी बिल किंवा पैसे यातलं एक जरी आधीचं असतं, तर जुना. थोडक्यात, तिघांपैकी दोघं ज्या बाजूला, त्या बाजूचा दर. म्हणून मी विचारलं, "पैसे कधी आले? थोडा तरी अ‍ॅडव्हान्स?"

"अ‍ॅडव्हान्स कुठला, उधारीचं गिऱ्हाईक. पंचवीसला बँकेत आले."

मी बँकेचा उतारा मागवून घेतला. 25 सप्टेंबर, 38,400, त्या ठेकेदाराकडूनच. म्हणजे बिल 23 चं, पैसे 25 चे, दोन्ही बदलानंतर. दर 18 हवा होता, कर 5,400, बिल 35,400 चं. ठेकेदाराकडून 3,000 रुपये जास्त कर घेतला गेला होता. माल निघतानाच बिल केलं असतं, आणि नियमानं ते तेव्हाच करायला हवं होतं, तर 28 बरोबर ठरलं असतं आणि हा फोन झालाच नसता.

शेठचा पुढचा प्रश्न त्यांच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचा होता. "मी तर 28 भरून माल घेतला. 18 नं विकला तर माझे दहा टक्के बुडाले की." हा समज त्या महिन्यात बऱ्याच व्यापाऱ्यांच्या डोक्यात होता. खरेदीवर भरलेला 28 टक्के कर त्यांच्या क्रेडिट लेजरला आधीच जमा आहे, विक्रीचा दर उतरला म्हणून तो कमी होत नाही. विक्रीवरचा कर भरताना तोच वापरायचा. जमा संपायला थोडा जास्त वेळ लागेल, इतकंच. हे त्यांना त्यांच्याच लेजरचा आकडा वाचून दाखवल्यावर पटलं.

आता रजिस्टरमध्ये काय लिहायचं? सहज सुचतं ते असं की आपणच ओळ दुरुस्त करून 18 खाली टाकावी. ते मी केलं नाही. ठेकेदाराच्या हातात 28 टक्क्यांचं बिल आहे आणि कर म्हणून घेतलेला पैसा सरकारकडे भरावाच लागतो. तो वसूल करून पत्रकात कमी दाखवला तर प्रकरण दराच्या चुकीपुरतं राहत नाही. शिवाय ठेकेदाराला पोर्टलवर एक आकडा दिसला असता आणि हातात दुसरा. सरांना विचारलं, त्यांनीही हेच सांगितलं: सप्टेंबरच्या पत्रकात बिल दिलं तसंच जाऊ दे, जास्तीच्या करासाठी शेठनी क्रेडिट नोट काढावी आणि 3,000 ठेकेदाराला परत करावेत. नोट ऑक्टोबरच्या तारखेची, म्हणून ती ऑक्टोबरच्या पत्रकात. पैसे परत करायचे म्हटल्यावर शेठ थोडे कुरकुरले, पण ठेकेदाराच्या पुढच्या बिलातून वळते करून घ्यायला तयार झाले.

एक चलन असं निघालं, तर आणखी असतील ही शंका राहतेच. म्हणून 15 ते 21 तारखेच्या सगळ्या चलनांचे फोटो मागवले आणि बिलांशी लावून पाहिले. बाकी सगळ्या चलनांची बिलं त्याच दिवशी किंवा रविवारी एकवीसला झाली होती. शेठच्या दुकानात तीन-चार दिवस मागे राहणारं बिल त्या महिन्यात हे एकच.

मग 28 आणि 18 च्या बेरजा पक्क्या केल्या, नोंदणी असलेल्यांची बिलं एकेक आणि बाकीच्यांची दरवार एकत्र अशी विभागली, त्याच शीटवरून एचएसएनचा गोषवारा काढला आणि सगळं सरांच्या टेबलावर ठेवलं. 23/09 च्या ओळीपुढं शेरा लिहिला: 'माल 20/9, बिल 23/9, पैसे 25/9. दर 18 हवा, बिल 28 नं. क्रे. नोट ऑक्टो.' चलनाचा फोटो, बँकेचा उतारा आणि बिल, तिन्ही त्या बिल नंबराच्याच नावानं फोल्डरमध्ये आहेत. उद्या कुणी नोटीस काढून विचारलं तर शेठला आठवावं लागणार नाही.