फोमचा प्लग कानात नीट बसवताना: वाळूजच्या प्रेस शॉपमधला माझा अनुभव

वाळूजच्या ज्या प्रेस शॉपमध्ये मी सेफ्टीचं काम बघतो, तिथे पॉवर प्रेसच्या रांगेत शिफ्टची सरासरी 98 डेसिबल भरते. मोजताना मीटर ए-स्केलवर, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येतं त्याच्या जवळच्या मापावर ठेवायचा आणि ऑपरेटर उभा राहतो तिथेच, त्याच्या कानाच्या उंचीवर धरायचा. खांबाजवळ उभं राहून घेतलेला आकडा काही कामाचा नसतो. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत 90 डेसिबलला 8 तास, 95 ला 4 तास आणि 100 ला 2 तास अशी मर्यादा आहे. त्या हिशेबाने 98 मध्ये उघड्या कानाने तीन तासही काढता येत नाहीत. डायखाली पॅड घालणं, हवेच्या नळीच्या तोंडाला सायलेन्सर बसवणं ही कामं आधी करायची असतात आणि ती चालूही असतात. तोवर सगळी भिस्त प्लगवर.

आमच्याकडे येणाऱ्या फोमच्या प्लगच्या खोक्यावर एनआरआर 33 छापलेलं असतं, एनआरआर म्हणजे प्लग किती डेसिबल आवाज अडवतो तो आकडा. ते वाचून 98 मधून 33 वजा करणारे पुष्कळ भेटतात. तो आकडा प्रयोगशाळेत, जाणकाराने देखरेखीत बसवलेल्या प्लगचा असतो. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षा खात्याची रीत अशी की ए-स्केलवर मोजलं असेल तर आधी 7 वजा करायचे आणि उरलेल्याचं निम्मं धरायचं. म्हणजे 33 चे 26 आणि 26 चे 13. कानात पोचतात 85. एवढं मिळालं तरी आठ तासांना चालतं, पण हे 13 सुद्धा प्लग नीट बसला तरच.

तो नीट बसत नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. माणसाच्या समोर उभं राहून त्याच्या तोंडाकडे बघायचं. समोरून कानाच्या भोकाबाहेर प्लगचं टोक डोकावत असेल, तर तो अर्धाच आत आहे. आमच्या लाइनवरच्या एका ऑपरेटरचा उजवा कान ठीक दिसायचा आणि डावा प्लग कायम बाहेर आलेला. त्याला विचारलं तर म्हणाला, "साहेब, डाव्या कानात राहायलाच नाही, आपोआप बाहेर यायलाय."

त्याला बसवून बघितलं तेव्हा कारण दिसलं. तो प्लग दोन बोटांत दाबून चपटा करायचा आणि ढकलायचा. चपट्या केलेल्या फोमला घडी पडते, आणि फोम फुगल्यावर त्या घडीचा पन्हाळ होतो. आवाज तिथूनच आत जातो. दुसरं म्हणजे डाव्या कानातही तो उजव्याच हाताने प्लग घालायचा आणि कान ओढायचाच नाही. कानाची नळी सरळ नसते, तिला बाक असतो. कान वर आणि मागे ओढला की बाक कमी होतो. न ओढता घातलेला प्लग त्या बाकापाशीच अडतो आणि फुगताना स्वतःलाच बाहेर ढकलतो.

मग असं करायचं ठरलं. हात आधी साबणाने धुवायचे, कारण प्रेसवरच्या हाताला तेल आणि बारीक कीस असतो आणि तो थेट कानात जातो. प्लग अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत फिरवत फिरवत वळायचा, हलक्या दाबाने सुरुवात करून दाब वाढवत न्यायचा, देवापुढच्या समईची वात वळतात तसा. बारीक, गोल आणि बिनघडीचा झाला पाहिजे. घडी दिसली तर सोडून द्यायचा, फुगू द्यायचा आणि पुन्हा वळायचा. डाव्या कानासाठी डाव्या हातात प्लग धरायचा, उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा आणि प्लग लगेच आत सरकवायचा. त्यानंतर बोटाचं टोक प्लगवर ठेवून थांबायचं. सगळे चुकतात ते इथे. फोम फुगायला वेळ लागतो, म्हणून मनात सावकाश तीसपर्यंत मोजूनच बोट काढायचं. पाच मोजून सोडलं की प्लग मागे सरकलाच.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा यात वेगळा त्रास आहे. एप्रिल-मे मध्ये शेडखाली फोम इतका मऊ होतो की वळून हातातून कानापर्यंत नेईतोच फुगायला लागतो. म्हणून आधी कान ओढायला हात तयार ठेवायचा आणि मग प्लग सरकवायचा. थंडीत उलटं होतं, सकाळच्या शिफ्टला फोम ताठ असतो, तो मुठीत थोडा गरम करून घ्यावा.

बसला का, हे बघायला मशिन चालू असताना दोन्ही तळहातांनी कान घट्ट झाकायचे आणि काढायचे. झाकल्यावर आणि काढल्यावर आवाजात फारसा फरक पडला नाही, तर प्लग बसलाय. झाकल्यावर आवाज एकदम कमी झाला, तर गळती आहे. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा, जाड ऐकू येणं हीसुद्धा बसल्याची खूण. "दडे बसल्यासारखं वाटतंय" म्हणून लोक तेव्हाच प्लग थोडा बाहेर ओढून ठेवतात, आणि तिथेच सगळं जातं.

त्या ऑपरेटरचा डावा कान इतकं करूनही पूर्ण बसेना. माणसाच्या दोन्ही कानांच्या नळ्या सारख्याच मापाच्या असतात असं नाही. डाव्या कानाला लहान मापाचा प्लग दिला तेव्हा तो आत टिकला. खरेदी विभाग एकाच मापाची खोकी मागवतो, पण लहान मापाचं एक खोकं स्टोअरमध्ये हवंच. सिलिकॉनचे तीन चकत्यांचे प्लग धुऊन वापरता येतात आणि वळावे लागत नाहीत, म्हणून ग्राइंडिंगवर मळक्या हाताने सारखे काढ-घाल करणाऱ्यांना ते सोयीचे. ते मागच्या दांडीला धरूनच घालायचे, कान मात्र ओढावा लागतोच. कापसाचा बोळा किंवा कानावर गुंडाळलेला रुमाल यांना प्लग समजू नये. त्यांतून आवाज जवळजवळ तसाच जातो.

यापुढचा हिशेब मी लाइनवर बोर्डावर लिहून दाखवतो. 13 डेसिबलचा फरक म्हणजे आवाजाची ऊर्जा साधारण वीस पट. समजा शिफ्टमध्ये साडेसात तास प्लग कानात होते आणि बोलायला, फोन घ्यायला असा मिळून अर्धा तास शॉपमध्येच काढून ठेवले. साडेसात तास म्हणजे 450 मिनिटं, 85 वर. उघड्या कानाची 30 मिनिटं, 98 वर, म्हणजे 85 च्या मापाने सुमारे 600 मिनिटं. साडेसात तासांत मिळून जेवढा आवाज आत गेला, त्याहून जास्त त्या अर्ध्या तासात गेला. म्हणून बोलायचं असेल तर प्लग काढायचे नाहीत, शॉपच्या बाहेर जाऊन काढायचे.

काढताना झटका देऊ नये. घट्ट बसलेला प्लग ओढला की आत पोकळी होऊन पडद्यावर ताण येतो. हळू हळू फिरवत, हवा जाऊ देत काढावा. फोमचा प्लग धुऊन पुन्हा वापरला तर तो नीट फुगत नाही, म्हणून मळला किंवा दाबल्यावर फुगेनासा झाला की टाकून द्यावा. कान वाहत असेल किंवा मळ घट्ट बसला असेल तर प्लग घालायचाच नाही. आधी डॉक्टरकडे पाठवायचं आणि तोवर इअरमफ द्यायचे.