अकरा ते चौदा

त्या सर्व्हेचे वयोगट मीच ठरवले होते, हे आधीच सांगून टाकतो. ठरवायला पाच मिनिटंही लागली नव्हती. ६ ते १०, ११ ते १४, १५ ते १८. शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ म्हणतो, पाचवीपर्यंत प्राथमिक, मग उच्च प्राथमिक, मग माध्यमिक. सगळ्यांच्या अहवालांत साधारण हेच गट असतात, तेव्हा आपलेही आकडे त्यांच्याशेजारी ठेवता येतील, असा साधा हिशोब. फॉर्म छपाईला गेला.

आमची संस्था छोटी. मराठवाड्यातल्या एका तालुक्यातली नऊ गावं आमच्याकडे होती आणि मुलींची शाळा नेमकी कुठे सुटते ते शोधायचं होतं. ऊसतोडीला माणसं जायच्या आत उरकायचं म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात घरोघर जाऊन फॉर्म भरून घेतले. फॉर्मच्या पहिल्या पानावर कुटुंबाची यादी होती: नाव, नातं, वय, शिक्षण. दुसऱ्या पानावर प्रत्येक मुलीसाठी वयोगटाच्या चौकटीत बरोबरची खूण आणि 'शाळेत जाते का' हा प्रश्न. एक्सेलमध्ये भरताना वेळ वाचावा म्हणून दुसरंच पान भरलं. वयाच्या जागी १, २ किंवा ३. पहिली पानं गठ्ठ्यातच राहिली.

निकाल देखणे आले. सहा ते दहाच्या जवळजवळ सगळ्या मुली शाळेत होत्या. ११ ते १४ मध्ये २४० पैकी २०६, म्हणजे ८६ टक्के. १५ ते १८ मध्ये २०० पैकी ८८, म्हणजे ४४ टक्के. तीन खांबांचा आलेख काढला की डोळा आपोआप दुसऱ्या आणि तिसऱ्या खांबामधल्या पायरीवर जातो. मीही तिथेच बोट ठेवलं. "चौदापर्यंत मुली टिकतात, गळती दहावीच्या आसपास सुरू होते," असं मांडलं. दहावीच्या मुलींसाठी गणित-इंग्रजीच्या शिकवणीचा प्रस्ताव तयारच होता. संस्थेच्या बैठकीत माना डोलल्या.

गावोगाव फॉर्म भरून घेणाऱ्या ताईही मागे सतरंजीवर बसल्या होत्या. त्यातल्या एक अंगणवाडीच्या मदतनीस. त्यांचा हात बराच वेळ अर्धवट वर होता, ते माझ्या उशिरा लक्षात आलं.

"सर, दहावीच्या शिकवणीला आमच्या गावातून येणार कोण?"

"का हो ताई?"

"आमच्याकडं सातवी झाली की दप्तर खुंटीला. आठवीला सहा किलोमीटर जावं लागतं. आमच्या आळीतल्या चार पोरी तिथंच थांबल्या."

मी म्हणालो, "पण ताई, चौदापर्यंतच्या ८६ टक्के मुली शाळेत आहेत." हे बोलताना माझा आवाज जरा समजावणीचा लागला होता. आठवलं की अजून अवघडल्यासारखं होतं.

त्या म्हणाल्या, "असतील की. अकरा-बाराच्या सगळ्याच जातात. तुम्ही त्यांच्यासंगं चौदाची एकत्र धरली."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण चौदा वर्षांच्या किती मुली शाळेत आहेत हे मला सांगताच येत नव्हतं. एक्सेलमध्ये नुसता '२' होता. त्या '२' मधून अकरा वेगळे आणि चौदा वेगळे परत काढता येत नाहीत. वेगळं लिहिलेलं वय हवं तेव्हा एकत्र करता येतं. एकत्र लिहिलेलं कधीच सुटं होत नाही. नशीब एवढंच की पहिली पानं रद्दीत गेली नव्हती.

त्या संध्याकाळी गठ्ठे सोडले. मी आणि ऑफिसातला एक मुलगा, दोन रात्री बसून यादीतलं वय एकेक करून भरलं. पिव्होट टेबल केल्यावर जे दिसलं ते असं. अकराच्या ६२ पैकी ६० मुली शाळेत. बाराच्या ७१ पैकी ६९. इथपर्यंत ९७ टक्के. तेराच्या ५८ पैकी ४६, म्हणजे ७९ टक्के. चौदाच्या ४९ पैकी ३१, म्हणजे ६३. पंधराला ५६ टक्के, सोळाला ५३, सतराला ४९.

मोठा कडा बारा आणि चौदाच्या मध्ये होता. दोन वर्षांत चौतीस टक्क्यांची घसरण. चौदा ते सतरा या तीन वर्षांत जेमतेम चौदाची. आणि हा कडा माझ्या एकाच चौकटीच्या बरोबर पोटात बसला होता. वरच्या सपाटीवरच्या अकरा-बाराच्या १३३ मुली आणि खाली आलेल्या तेरा-चौदाच्या १०७ मुली यांची सरासरी काढली की ८६ येतं, आणि ८६ ऐकून कोणाला काळजी वाटत नाही. आलेखात दिसणारी पायरी खोटी नव्हती, पण ती पडली होती माझ्या गटाच्या सीमेवर. गट जिथे बदलतो तिथेच पायरी दिसणार; घसरण आधी झालेली असली तरी.

गावांची क्रमवारीही अशीच फसवी निघाली. ११ ते १४ मध्ये पहिला नंबर मिळवलेल्या गावात या गटाच्या १९ मुली होत्या आणि त्यातल्या १५ जणी अकरा-बाराच्या. शेवटच्या नंबरच्या गावात २६ मुली, त्यातल्या १७ तेरा-चौदाच्या. एकाला शाबासकी आणि दुसऱ्याला बोलणी देऊन आम्ही मोकळे झालो होतो. फरकाचा बराचसा भाग त्या वर्षी कोणत्या गावात कोणत्या वयाच्या मुली जास्त, एवढाच होता.

आता अठरा. सतराच्या मुली ४१, सोळाच्या ४७ आणि अठराच्या एकदम ६०, त्यातल्या १४ शाळा-कॉलेजात. वयाच्या यादीत एखादा आकडा असा फुगला की मला आधी सांगणाऱ्याचा संशय येतो, लोकसंख्येचा नंतर. मोठ्या माणसांच्या बाबतीत हे नेहमीचंच. वय विचारलं की चाळीस, पंचेचाळीस, पन्नास अशी शून्य-पाचावर संपणारी उत्तरं येतात. जुन्या पिढीची जन्मतारीख विचारा, निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं, कारण गुरुजींनी शाळेत नाव घालताना तीच घातली. म्हाताऱ्या माणसांना तर आम्ही "७२च्या दुष्काळात केवढ्या होता?", "किल्लारीच्या भूकंपाला लग्न झालं होतं का?" असंच विचारतो.

पण अठराचा फुगवटा वेगळा होता. यादीतलं नातं पाहिलं. साठातल्या ३४ जणी 'सून'. पंधरा ते सतरामध्ये मिळून सुना नऊच. मुलीच्या लग्नाचं कायदेशीर वय अठरा, आणि दारात वही घेऊन आलेल्या माणसाला सासू दुसरं वय कशाला सांगेल? एका फॉर्मवर सून अठरा वर्षांची आणि त्याच यादीत तिचा मुलगा अडीच वर्षांचा. भरणाऱ्या ताईंनी दोन्ही आकडे सांगितले तसे लिहिले होते आणि मुलाच्या वयाखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारली होती. ती रेघ दोन महिने कोणी पाहिली नव्हती.

या सुनांमुळे १५ ते १८ चे ४४ टक्के दोन्हीकडून बिघडले. त्या शाळेत नाहीत हे खरं, पण त्यांची शाळा सुटली ती माहेरच्या गावात, आमच्या नऊ गावांत नव्हे. उलट आमच्या गावांतल्या ज्या मुली लग्न होऊन गेल्या, त्या यादीतच नाहीत. अठराच्या नुसत्या लेकी मोजल्या तर २६ पैकी १४, म्हणजे ५४ टक्के. सतराच्या मुलींपेक्षाही थोडं जास्तच. त्यावर खूश होण्यासारखं काही नाही. ज्यांची शाळा सुटली त्यांतल्या काही घरातूनच गेल्या, एवढाच त्याचा अर्थ.

मग यापुढे वर्षागणिकच आकडे द्यायचे का? मलाही आधी तसं वाटलं. पण अकरा ते अठरा ही आठ वयं आणि नऊ गावं म्हणजे ७२ खाने. आमच्या ४४० मुली त्यात वाटल्या तर खान्याला सहा. एका घरातल्या दोन बहिणी शाळा सोडून बसल्या की टक्केवारी ३३ ने कोसळते. शिवाय सांगितलेल्या वयात एखाद्या वर्षाची चूक असतेच. बाराच्या ७१ मधल्या काही खरं तर तेराच्या असणार. गट करावे लागतातच, पण निसर्गात किंवा गावात जिथे खरंच काही बदलतं तिथे सीमा ठेवावी. आम्ही ११-१२, १३-१४, १५-१७ असे गट केले आणि अठरा वेगळं ठेवलं. तेव्हा ९७, ७२ आणि ५३ आले. आकडे पाहून मनाजोगती सीमा टाकण्याचा मोह मोठा असतो, म्हणून बारा-तेराच्या मधल्या सीमेचं कारण अहवालात लिहिलं: गावातली शाळा सातवीला संपते.

दुसऱ्या फेरीच्या फॉर्मवर चौकटी ठेवल्या नाहीत. जन्माचा महिना आणि वर्ष, पूर्ण झालेलं वय, आणि कोणत्या इयत्तेपर्यंत शिकली, असे तीन वेगळे प्रश्न. तिन्ही एकमेकांशी जुळले नाहीत तर ताई तिथल्या तिथे पुन्हा विचारतात. "या घरातून गेल्या पाच वर्षांत लग्न होऊन कोण गेलं?" हाही प्रश्न घातला. वय एक्सेलमध्ये काढताना पहिल्याच दिवशी मुलाने `TODAY()` वापरलं होतं, म्हणजे फाइल पुढच्या वर्षी उघडली की सगळ्या मुली आपोआप एका वर्षाने मोठ्या. भेटीची तारीख वेगळ्या रकान्यात घेऊन ते असं बदललं:

```
=DATEDIF(B2,C2,"Y")
```

B मध्ये जन्म, C मध्ये भेटीची तारीख. दिवस माहीत नसेल तर महिन्याची १५ तारीख धरायची, हेही ठरवून भिंतीवर लावलं.

शिकवणीचा प्रस्ताव मागे घेतला आणि आठवीच्या शाळेपर्यंतच्या सहा किलोमीटरसाठी गाडीचा नवा दिला. बैठकीत एका सदस्यांनी विचारलं, "मागच्या वेळी ८६ होते, आता ७२ कसे झाले? परिस्थिती बिघडली का?" समजावायला अर्धा तास गेला. या खेपेला मदतनीस ताई पुढच्या खुर्चीत होत्या, पण काही बोलल्या नाहीत.

निधी देणाऱ्यांच्या वार्षिक तक्त्यात मात्र '११ ते १४' असा एकच रकाना आहे आणि तो बदलता येत नाही. त्यात आम्ही ८६ भरलं. खाली शेऱ्याच्या ओळीत बाकीचं लिहायला बसलो, तर तिथे ५० अक्षरांची मर्यादा निघाली.