नानांचा कॉल आणि अर्धा भरलेला कंटेनर

मी दिंडोरी रोडच्या एका पॅकहाऊसला क्यूसी बघते, म्हणजे द्राक्षाचा माल एक्स्पोर्टला जायच्या आधी शेवटचं हो की नाही माझ्याकडून जातं. फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडे नुसता गोंधळ असतो, आणि सीझनमध्ये सगळ्यात जास्त येणारा मेसेज एकच, "ताई आत्ता बोलायचंय अर्जंट". याच मेसेजवरून एक दिवस फार लक्षात राहिलाय तो सांगते.

दुपारी साडेतीनला चाळीस फुटी रीफर, म्हणजे माल गार ठेवणारा कंटेनर, डॉकला लागलेला आणि आठ पॅलेट आत गेलेले. हे काम चालू असताना फोन का घेता येत नाही ते आधी सांगते, नाहीतर वाटेल बाई उगाच भाव खाते. प्रत्येक पॅलेट कोल्ड रूममधून बाहेर आला की दोनतीन बॉक्समध्ये मण्यात प्रोब घालून आतलं टेंपरेचर बघायचं, शून्याच्या आसपास पाहिजे, जास्त असेल तर पॅलेट परत आत, कारण रीफर माल गार ठेवतो, गरम आलेला माल तो पटकन गार करू शकत नाही. दार उघडं असतं म्हणून सगळी घाई, वर पंख्यांचा आवाज, हातात ग्लोव्हज. एक रीडिंग चुकीचं लिहिलं तर बोट निघून गेल्यावर कळणार.

तर तेवढ्यात नानांचे दोन मिस्ड कॉल आणि मेसेज, "ताई अर्जंट आत्ता बोला". नाना आमचे जुने बागायतदार, वयाने माझ्या वडिलांएवढे, त्यांना "नंतर बोलू" म्हणायचं जिवावर येतं.

पण मी पूर्वी यात दोन्हीकडून मार खाल्लाय. पहिल्या वर्षी असंच एकाला "थोड्या वेळात करते" लिहिलं होतं, आता थोडा वेळ म्हणजे माझ्यासाठी दोन तास आणि त्याच्यासाठी दहा मिनिटं, त्याने अकरा वेळा फोन केला आणि शेवटी मालकांना लावला. आणि दुसऱ्या एकाचा फोन मी खांद्याला अडकवून घेतला, त्याने बागेच्या औषधांच्या अंशाच्या रिपोर्टचं विचारलं, मी आठवणीवर "बहुतेक पास आहे हो" म्हटलं. बहुतेक हा शब्द त्याला ऐकूच गेला नाही. त्याने तोडणी धरली. पुढे काय झालं ते लिहीत नाही, पण तो माणूस अजून माझ्याशी तुटक बोलतो आणि चूक माझीच होती.

म्हणून नवव्या पॅलेटच्या आधी एक ग्लोव्ह काढून हे लिहिलं, "नाना, कॉल बघितला. कंटेनर भरतोय, ४:३० पर्यंत फोन घेता येणार नाही. ४:३५ ला मीच करते. तोवर दोनच गोष्टी लिहा, कोणत्या बागेचं आहे आणि उत्तर किती वाजेपर्यंत पाहिजे. कोणाला लागलंबिगलं असेल तर नुसतं 'लागलंय' लिहा, लगेच बाहेर येते."

यातला किती वाजेपर्यंत हा प्रश्न मला सगळ्यात कामाचा वाटतो. "काय काम आहे" विचारलं की लोकांना वाटतं ही आपलं काम तोलतेय, आणि मग ते फोनवरच सांगतो म्हणतात. वेळ विचारली की माणूस स्वतःच हिशोब करतो, निम्म्या वेळा उत्तर येतं की उद्या सकाळी सांगितलं तरी चालेल. आणि शेवटची ओळ नसती तर वरचं सगळं नुसतं दार लावल्यासारखं झालं असतं, खरंच काही झालं असेल तर?

नानांनी काय करावं, दोन मिनिटं चाळीस सेकंदांची व्हॉइस नोट. पंख्यांच्या आवाजात काय ऐकणार कपाळ. परत लिहिलं, "इथे ऐकू येत नाही नाना, पोराला दोन ओळी टाइप करायला सांगा." पाच मिनिटांनी पोराचा मेसेज, "बागेचा रिपोर्ट आला का, उद्या तोडायचं का. मुकादमाला ५ पर्यंत सांगायचंय नाहीतर टोळी दुसरीकडे जाणार."

म्हणजे अर्जंट खरंच होतं, पण आत्ताचं नव्हतं, पाचचं होतं. मी लिहिलं, "पाचच्या आत नक्की सांगते, मुकादमाला तोवर धरून ठेवा." कोणती बाग ते त्यांनी लिहिलंच नव्हतं आणि घाईत मीही परत विचारलं नाही.

चौदावा पॅलेट २ डिग्री दाखवायला लागला. तो परत आत, जागेवर दुसरा, त्याचे कागद बदला, यात वेळ गेला आणि सव्वाचारला कळून चुकलं की साडेचारला काही आपण मोकळे होत नाही. इथे मोह होतो की अजून पंधरा मिनिटं मागून घ्यावी. पण मग पाचला दहा मिनिटं राहतात आणि नाना ४:३६ ला फोन सुरू करणार हे पक्कं. सुपरवायझरला म्हटलं दहा मिनिटं दारं बंद करून थांबूया, आणि ऑफिसात येऊन आधी कॉम्प्युटरवर रिपोर्ट उघडला, मगच फोन लावला. ४:३४ ला.

रिपोर्ट उघडला म्हणून वाचलो. नानांच्या दोन बागा, एक रोडलगतची आणि एक विहिरीजवळची, मध्ये फक्त एक बांध. पण रजिस्ट्रेशन वेगळं, म्हणून औषधांच्या अंशाची तपासणी वेगळी, सॅम्पल वेगळं. रोडलगतच्या बागेचा रिपोर्ट आला होता, पास. विहिरीच्या बागेचं सॅम्पल उशिरा गेलं होतं, रिपोर्ट यायचा होता. नाना आणि पोरगा दोघंही "बागेचा रिपोर्ट" असं एकवचनात बोलत होते. साडेतीनला प्रोब हातात धरून मी फोन घेतला असता तर "हो नाना, आलाय पास" म्हटलं असतं, आणि सकाळी टोळी दोन्ही बागांत घुसली असती.

फोनवर पहिलंच सांगितलं की पाच मिनिटं आहेत, कंटेनर भरायचा थांबवून आलेय. नाना तडकलेच, "हो का नाही एवढंच विचारलं, त्याला तास लावला तुम्ही." म्हटलं लावला नाना, बरोबर आहे, आता ऐका, रोडची तोडा, विहिरीची नाही. मग त्यांनी दराचा विषय काढला आणि मागच्या आठवड्यात रिजेक्ट झालेल्या क्रेटचाही. क्रेटचं माझं काम होतं म्हणून त्याला उद्या अकराची वेळ दिली. दर मी ठरवत नाही, ते स्पष्ट सांगितलं आणि कोणाशी बोलायचं ते सांगितलं, उगाच "बघते" म्हटलं नाही. फोन ठेवल्यावर पोराला लिहून पाठवलं, दोन्ही बागांचे रजिस्ट्रेशन नंबर, एकीसमोर तोडा, दुसरीसमोर थांबा. आणि परत डॉकवर.

कंटेनर सहाला सील झाला.

विहिरीच्या बागेचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला, पास. तोवर टोळी पिंपळगावकडे गेलेली, नानांना अजून दोन दिवस थांबावं लागलं. फोन करून म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो ना, एकाच पाण्यावरची बाग आहे, वेगळं काय निघणार." मी म्हटलं हो नाना. आता पोरगा मेसेजमध्ये बाग आणि वेळ दोन्ही लिहितो. नाना मात्र आधी दोनदा फोन करतातच.